पीळ पडलेल्या फळीची खूण

लाकूड कापायच्या त्या गिरणीत करवत सुरू झाली की तोंड बंद. असा नियम कुणी भिंतीवर लिहून लावला नव्हता, आणि लावायची गरजही नव्हती. दोन माणसं नाकाला नाक लावून ओरडली तरी एकमेकांना ऐकू जाणार नाही असा तो आवाज. त्यातून प्रत्येकाच्या कानांवर जाडजूड गाद्यांची झापडं. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. ओंडका आण, थांब, पाती बदल, चहा आला, साहेब येतोय, सगळ्याला खुणा होत्या. त्यातल्या निम्म्याअधिक खुणा एकाच माणसाने काढल्या होत्या. त्याला सगळे तात्या म्हणत.

तात्या फळ्या निवडायचे. करवतीतून फळी बाहेर आली की ती पट्ट्यावरून सरकत त्यांच्यासमोर येई. तात्या एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकत आणि खडूने खूण करून तिला तिच्या वाटेला लावत. सरळ, बाकदार, गाठीची, पीळ पडलेली. फळीला चार सेकंद. या कामापायी त्यांना एक खोडच लागली होती. कुणाच्या घरी गेले तरी आधी एक डोळा मिटून टेबलाची कड बघायचे. एकदा म्हणे स्वतःच्या लग्नात, हार घालायच्या आधी, त्यांनी मंचाची फळी वाकडी आहे असं सासऱ्यांना सांगितलं होतं. बायको हे तीस वर्षं ऐकवत होती, आणि तात्यांना एका कानाने मुळीच ऐकू येत नसल्यामुळे आणि दुसऱ्याने थोडंसंच येत असल्यामुळे त्यांचं काही बिघडत नव्हतं.

ही तात्यांची गोष्ट आहे, पण ती ज्याच्या मनात ताजी राहिली तो माणूस दुसरा. तो धारवाला. करवतीच्या पात्यांना धार लावायचं काम त्याच्याकडे. गिरणीच्या एका कोपऱ्यात काचेची खिडकी असलेली त्याची खोली होती. पट्टा करवतीचं पातं म्हणजे पंचवीस-तीस फुटांचा पोलादी पट्टा, त्याला शेकडो दात. दर चार तासांनी बोथट पातं उतरायचं आणि धारवाल्याने तयार केलेलं चढायचं. एक्केचाळीस वर्षांचा, मितभाषी, बोटांना बारीक चिरांची सवय झालेला माणूस. त्याला हे काम मनापासून आवडायचं. धार लागली की तो कागदाचा एक कपटा दातावरून ओढायचा. कागद आवाज न करता दुभंगला की पातं पास.

आता खुणांचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. त्या खुणा नुसत्या कामापुरत्या नव्हत्या. दिवसभर गप्प बसणं कुणाला जमतंय? एक हात डोक्यावर तिरका धरला, छपरासारखा, की अर्थ, "घरी कसं काय?" मग ज्याच्या त्याच्या घरच्या माणसाची खूण. मुख्य करवत चालवणारा पैलवान, त्याची मुलगी म्हणजे खांद्यावर बोटाने ओढलेली वेणी. लाकडाचे गठ्ठे उचलणारी गाडी ताई चालवायची, तिची म्हातारी आई म्हणजे काठी टेकल्यासारखी मूठ. तात्यांची बायको म्हणजे नाचवलेली तर्जनी. ती कुणी काढली ते तात्यांच्या बायकोला कळू दिलेलं नव्हतं. आणि धारवाल्याला कुणी छप्पर दाखवलं तर तो मूठ मिटून दाखवायचा. म्हणजे कुणी नाही.

हे खोटं होतं. धारवाल्याच्या घरी एक माणूस होता आणि अकरा वर्षं होता. तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायचा, म्हणून तिथे त्याला सगळे मास्तर म्हणत. सकाळी धारवाला डबे भरायचा, मास्तर इस्त्री करायचा. संध्याकाळी कुणी आधी आलं त्याने कुकर लावायचा. दोघांचं भांडण व्हायचं ते ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून. म्हणजे इतर कुठल्याही घरासारखं घर. फक्त गिरणीत ते मिटलेल्या मुठीत होतं.

ते तसं का होतं, याचं उत्तर पीळ पडलेल्या फळीच्या खुणेत होतं. सरळ फळीला सरळ तळवा. बाकदार फळीला वाकवलेला तळवा. आणि पीळ पडलेली, म्हणजे कामातून गेलेली फळी आली की तात्या कोपर वर करून मनगट ढिलं सोडायचे, बोटं लोंबकळती, मान जराशी तिरकी. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची टिंगल करायला लोक जो हात करतात ना, तोच. तीस वर्षांपूर्वी तात्यांनी तो हशा पिकवायला काढला आणि हशा पिकलाही. मग हसणारे निवृत्त झाले आणि खूण मागे राहिली. दिवसाला तीस-चाळीस वेळा तो हात व्हायचा. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पापणी लवते तसा तो होऊन जायचा.

मुद्दाम करणारा पैलवान. चांगला माणूस, हे आधी सांगतो, कारण ते खरं आहे. धारवाल्याच्या खोलीत ठिणगीने आग लागली होती तेव्हा आधी आत घुसला तो पैलवानच. पण जेवायच्या सुट्टीत करवत बंद झाली आणि लोकांना तोंडं परत मिळाली की त्याला नक्कल केल्याशिवाय घास उतरत नसे. बायकी चालीची नक्कल, तसल्या आवाजाची नक्कल, आणि एक शब्द. तो शब्द मी इथे लिहीत नाही, तुम्ही तो ऐकलेला आहे. धारवाला अशा वेळी डब्यात बघायचा. कधी ओठांच्या कडा उचलायचा, हसल्यासारख्या. त्या न आलेल्या हसण्याची लाज त्याला रात्रीपर्यंत पुरायची. हे त्याचे मित्र होते. शत्रू असते तर सोपं गेलं असतं.

त्या वर्षी मास्तरच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. धारवाल्याने आठ दिवसांची रजा मागितली. कुणासाठी, तर मामेभावासाठी. मामेभाऊच तोंडात आला. दुसऱ्या दिवशी काचेपलीकडून पैलवानाने त्याला बघितलं, छप्पर केलं, मग दोन बोटं चालवून "भाऊ" दाखवला, आणि लगेच मनगट ढिलं सोडून डोळा मारला. चार जण हसले. करवत सुरू होती, त्यामुळे हसणं फक्त दिसलं.

पैलवानाला काही ठाऊक नव्हतं. त्याने सवयीने दगड फेकला, तो नेमका लागला एवढंच. पण धारवाल्याने त्या दिवशी घरी जाऊन राजीनामा लिहिला. नदीपलीकडे दुसरी गिरणी होती, तिथे धार लावणारा हवा होता, आणि तिथे त्याचे मित्र नव्हते. मास्तरने कागद वाचला आणि विचारलं, "तुला जायचंय की पळायचंय?" धारवाला म्हणाला, "पाय तुझा दुखतोय, माझे तरी धड चालू देत." कागदाची घडी त्याने कामाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. रजा संपवून परत आला की साहेबांना द्यायची, असं ठरलं.

आता तात्यांकडे वळू. तीस वर्षं ज्याने फळीतला केसाएवढा बाक हेरला त्याच्या नजरेतून माणसं कशी सुटतील? एक गोष्ट त्यांना केव्हाची दिसत होती. गिरणीत सगळे ती ढिल्या मनगटाची खूण करत, एकटा धारवाला करत नसे. त्याला पीळ पडलेली फळी दाखवायची असेल तर तो पातं खाली ठेवून, हातमोजे काढून, चाळीस पावलं चालत यायचा आणि फळीवर बोट ठेवून परत जायचा. तात्या मनात म्हणत, विक्षिप्त आहे. त्या दिवशी मात्र पैलवानाने डोळा मारला तेव्हा तात्यांनी काचेतून धारवाल्याचा चेहरा बघितला. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात अजून वर होता, मनगट ढिलं, समोर पीळ पडलेली फळी.

धारवाला रजेवरून आला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पैलवानाने नवा किस्सा काढला. बस स्टँडच्या तिकीट खिडकीवर एक बाई बसायला लागली होती. ती पूर्वी पुरुष म्हणून ओळखली जायची, हे गावभर झालं होतं. पैलवान आवाज जाड करून "किती तिकिटं देऊ, साहेब?" असं करून दाखवत होता आणि तिला "तो" म्हणत होता. सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला.

"मला नाही कळलं," तात्या म्हणाले. "यात हसायचं काय होतं?"

"अहो तात्या, ऐकू आलं नसेल तुम्हाला. तो बाई झालाय."

"ते ऐकू आलं. तिकीट बरोबर दिलं ना?"

"दिलं."

"सुटे पैसे?"

"दिले हो."

"मग हसायचं कुठे ते दाखव."

विनोद समजावून सांगायला लागला की त्याची हवा जाते. पैलवानाने पोळीचा तुकडा मोडला. "ताणू नका हो, मस्करी आहे," तो म्हणाला.

इथे तात्या थांबले असते तर बरं झालं असतं. पण चांगलं काम करायला निघालेल्या माणसाला दोन पावलं जास्त टाकायचा मोह होतोच. ते म्हणाले, "मस्करी तुझ्यासाठी. कुणाला लागते ते तुला काय माहीत? आपल्या टेबलावरसुद्धा असेल कोणी तसं."

टेबल गप्प झालं. आणि मग, कुणी ठरवून नाही, पण सहा-सात माना हळूच वळल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न न केलेला, मामेभावाची आठ दिवस सेवा करून आलेला माणूस टेबलावर एकच होता. धारवाल्याच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. त्याला वाटलं, अकरा वर्षं मिटून ठेवलेली मूठ कुणीतरी बोटं धरून उघडतंय. तेवढ्यात ताईने डबा आपटला. "माझ्याकडे बघा ना," ती म्हणाली, "माझंही लग्न नाही झालं." लोक हसले, माना सरळ झाल्या. भोंगा वाजला. धारवाला खोलीत गेला तेव्हा त्याचा हात खिशातल्या कागदावर होता. साहेब त्या दुपारी बाहेरगावी होते. केवळ म्हणून तो कागद तिथेच राहिला.

तात्यांना चूक कळायला वेळ लागला नाही. फळी चुकीच्या गठ्ठ्यात गेली की ते स्वतः जाऊन ती परत आणत. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत सुरू व्हायच्या आधी ते धारवाल्याच्या खोलीत आले. दार लोटलं आणि उभेच राहिले.

"काल मी चुकलो," ते म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. तात्या त्या दिवशी मुद्दाम हळू बोलत होते. "कोणी असेल, नसेल, हा मुद्दाच नव्हता. मला ते आवडत नाही, एवढं सांगून गप्प बसायला हवं होतं. मी सगळ्यांना शोधायला लावलं. माझी चूक आहे ती."

धारवाल्याने पात्यावरचा भुसा पुसला.

"तुला काही सांगायला आलो नाही आणि काही विचारायलाही नाही," तात्या म्हणाले. "फक्त एक सांग. यापुढे मी बोलू की गप्प बसू? तुला काय सोयीचं आहे ते."

किती तरी वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. लोक एक तर टिंगल करत, नाहीतर त्याच्या वतीने परस्पर लढायला निघत. धारवाल्याने हातमोजे काढून ठेवले. मग तो म्हणाला, "बोला तात्या. पण बोलताना माझ्याकडे बघू नका."

"नाही बघणार," तात्या म्हणाले, आणि जाता जाता एक डोळा मिटून दाराची चौकट बघितली. "हे वाकलंय बरं का."

नवी खूण काढायची असली की त्या गिरणीत एक रीत होती. पाळी सुरू होताना करवत बंद असताना सगळे गोल उभे राहत. खूण काढणारा ती तीनदा करून दाखवी, बाकीचे तीनदा करत. एखाद्याला न कळलेली खूण वापरली तर कुणाचा हात जाऊ शकतो, म्हणून यात चेष्टा चालत नसे. सोमवारी तात्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं.

"पीळ पडलेल्या फळीची खूण बदलतोय," ते म्हणाले. "जुनी मीच काढली होती, अठ्ठावीस-तीस वर्षांचा होतो तेव्हा, हशा व्हावा म्हणून. तेव्हा मला ती फार हुशारी वाटली. माणसांची टिंगल करून फळीला नाव दिलं मी. ते बरोबर नाही. मला ती आता करवत नाही, आणि माझ्यासमोर झालेली आवडतही नाही." मग त्यांनी मूठ पुढे धरली आणि मनगटातून फिरवली, ओला कपडा पिळावा तशी. एकदा, दोनदा, तीनदा. "ही नवी."

त्यांनी धारवाल्याकडे एकदाही बघितलं नाही. इतकं बघितलं नाही की त्यांची मान विरुद्ध बाजूला अवघडली असावी. बोलताना त्यांनी कुणाला दोष दिला नाही, फक्त स्वतःला दिला. त्यामुळे रागावायला कुणाकडे काही नव्हतं. आणि "कुणाला तरी लागतं" असं ते या वेळी म्हणाले नाहीत. "मला आवडत नाही" यावर कोण काय बोलणार?

पैलवान बोलला. "आता हसायचं पण नाही का तात्या?"

"हस की. माझ्या टकलावर हस, बायको मला कशी ओरडते त्यावर हस. तुझ्यासारखी नक्कल आख्ख्या गिरणीत कुणाला जमत नाही. म्हणून तर म्हणतो, हे तुझ्या लायकीचं नाही."

पैलवानाने मूठ फिरवली. ताईने आधीच फिरवली होती. "जुनी करून माझं कोपर दुखायचं तसंही," ती म्हणाली.

आता यावर सगळे सुधारले आणि सुखाने नांदू लागले असं मी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. पहिल्या आठवड्यात जुना हात रोज वीस वेळा वर गेला. तात्यांचासुद्धा गेला. तेव्हा त्यांनी स्वतःच्याच हातावर चापट मारली आणि मूठ फिरवली. दुसऱ्या कुणाचा गेला की ते ना रागावत, ना डोळे वटारत. फक्त त्याच्याकडे बघून नवी खूण करत, आणि त्याने ती परत केली की मान हलवून पुढची फळी घेत. चार सेकंदांचं काम. तेवढंच, पण दर वेळी. एकदाही सोडून दिलं नाही.

पैलवान दहा दिवस फुगून बसला. तात्यांनी त्याला टेबलावर छेडलं नाही. पाळी सुटल्यावर सायकली लावायच्या जागी गाठलं आणि त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. धारवाला जवळच चाकात हवा भरत होता, त्याला ऐकू आलं. सगळं झाल्यावर तात्या म्हणाले, "रागावलास?"

"चारचौघांत मला खाली दाखवलंत तुम्ही. त्या तिकिटाच्या दिवशी."

"दाखवलं. ते मी तुला एकट्याला सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण म्हणणं चुकलं नाही."

"माझ्या मनात कुणाबद्दल काही नसतं हो."

"ठाऊक आहे मला. मनात नसतं तर तोंडात कशाला ठेवतोस?"

पैलवान सायकलचं कुलूप उघडत राहिला. ते एरवी एका हिसक्यात उघडायचं. मग म्हणाला, "तिकीटवाली बाई चांगली आहे. परवा मुलीचा पास खिडकीवर राहिला होता, तर तिने बस थांबवून दिला." तो "ती" म्हणाला होता. तात्यांनी ते ऐकलं आणि त्यावर शेरा मारला नाही. शाबासकीसुद्धा दिली नाही. माणसाला स्वतःहून सरळ व्हायला थोडी जागा लागते.

पुढे महिनाभराने टेबलावर फळ्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या एका माणसाने तोच जुना शब्द वापरला. तात्यांनी मान वर करेपर्यंत ताई म्हणाली, "ए, तो शब्द नको जेवताना." ना आवाज चढवला, ना व्याख्यान दिलं. "बरं," गठ्ठेवाला म्हणाला आणि त्याने लोणचं मागितलं. इतकं साधं होतं ते. धारवाल्याला आठवलं, या चार-पाच शब्दांची त्याने एकटेपणाने किती वाट बघितली होती. ते त्याला स्वतःला उच्चारता आले नव्हते. आपल्यासाठी आपणच उभं राहायचं म्हणजे आधी आपलं अंग उघडं करायचं. दुसऱ्याने उभं राहिलं की त्याचं काहीच जात नाही. फार तर थोडा वेळ टेबल गप्प होतं.

त्या दुपारी नवं पातं तयार झालं. कागदाचा कपटा शोधायला त्याने खिशात हात घातला तर घडी हाताला लागली. त्याने राजीनामा उघडला, वाचलाही नाही, दातावरून ओढला. कागद आवाज न करता दुभंगला. पातं पास झालं.

तात्यांना त्याने स्वतःहून सांगितलं ते आणखी काही आठवड्यांनी, पातं उतरवताना, करवत बंद असताना. "तो मामेभाऊ नाही, तात्या. आम्ही अकरा वर्षं एकत्र राहतो."

तात्यांनी पात्याचं आपल्याकडचं टोक सोडलं नाही. "बरं," ते म्हणाले. "आता खुबा कसा आहे त्याचा?"

"काठीने चालतो. पाण्यात उतरायला अजून दोन महिने."

"पाण्यात?"

"पोहायला शिकवतो."

"अरे वा. माझा नातू बुडायला बघतो सारखा. तुझ्या माणसाकडे पाठवायला हवा." मग त्यांनी विचारलं, "हे मला सांगितलंस, की सगळ्यांना?"

"सध्या तुम्हालाच."

"मग माझ्यापाशीच राहील." आणि राहिलं. बायकोलाही सांगितलं नाही त्यांनी. तिला पुढे कधीतरी कळलं तेव्हा तिने तात्यांना तर्जनी नाचवून विचारलं की इतका चांगला माणूस जेवायला बोलवायचा राहिला त्याचं काय.

टेबलाला धारवाल्याने सांगितलं ते त्याच्या वेळेने, तात्या निवृत्त व्हायच्या आठवड्यात. दोन वाक्यांत सांगितलं. कुणी घास गिळायचं विसरलं, ताई म्हणाली, "भाजी दे इकडे, आणि फोटो दाखव." पैलवान जेवण टाकून उठून गेला. धारवाल्याला वाटलं, झालं. पण सुट्टी संपताना तो काचेच्या खोलीच्या दारात उभा होता. एवढा आडदांड माणूस, हातातली टोपी चुरगाळत होता.

"मी काय काय बोललो असेन," तो म्हणाला.

"बोललास," धारवाला म्हणाला. "लागायचं."

त्याला "जाऊ दे" म्हणता आलं असतं. त्याने म्हटलं नाही, आणि पैलवानानेही ते मागितलं नाही. "चुकलंच माझं," एवढं बोलून तो करवतीकडे गेला.

तात्या निवृत्त झाले. निवड करायच्या जागी ताई आली. महिना-सव्वा महिना झाला असेल. एका मंगळवारी सकाळी मास्तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाण्यात उतरणार होता. हे धारवाल्याने चहाच्या वेळी सहज सांगितलं होतं. अकरा वाजता करवत जोरात सुरू होती, मोठा ओंडका अर्धा कापून झाला होता. आता एक सांगायचं राहिलं. पैलवान ओंडका मध्येच कधी थांबवत नसे. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हाही त्याने आधी तो ओंडका संपवला आणि मग दवाखान्यात पळाला. ही त्याची शान होती.

धारवाल्याने काचेतून सहज वर बघितलं तर पैलवान त्याच्याकडेच बघत होता. त्याने एक हात डोक्यावर छपरासारखा धरला. घरी कसं काय? आणि मग त्याने कळ दाबली. ओंडका जागच्या जागी थांबला. पैलवानाने दोन्ही हात छातीपाशी जोडून पुढे नेले आणि बाजूला सारले, पाणी कापावं तसे. एकदा, दोनदा, तीनदा, नवी खूण शिकवायची रीत असते तसं. दोन हातांची खूण होती ती, चालू करवतीवर करता येणारी नव्हती. ताईने फळी सोडून ती परत केली. गठ्ठेवाल्यांनी केली. लाकडाच्या भुशाने भरलेल्या त्या हवेत सात-आठ माणसं उभ्याने पोहत होती.

धारवाल्याची मूठ सवयीने मिटली होती. ती त्याने उघडली आणि अंगठा वर केला. ठीक आहे. पोहतोय. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं, कारण डोळे पुसायचे तर हातमोजे काढावे लागत होते.

रविवारी तो आणि मास्तर तात्यांकडे गेले. तात्यांना आता दुसऱ्या कानानेही जेमतेमच ऐकू येत होतं. तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून धारवाल्याने त्यांना सगळं हातांनी सांगितलं. पैलवान, छप्पर, कळ, ओंडका. पाण्याची खूण त्याने तीनदा करून दाखवली. तात्यांनी ती लगेच उचलली आणि मास्तरकडे बघून केली. मग ते विचारात पडले.

"ओंडका अर्धा झाला होता?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

धारवाल्याने मान हलवली.

"आणि पैलवानाने थांबवला?"

"थांबवला."

"किती वेळ?"

"अर्धं मिनिट असेल, तात्या."

"अर्धं मिनिट," तात्या म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. मग बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, मुलगी झाली तेव्हा नव्हता थांबवला त्याने." आणि मास्तरसाठी खुर्ची पुढे ओढली.